लोखंडी कपाट, माशांची टाकी आणि राउटर: जागा कोणती निवडावी, अँटेना कसे ठेवावेत

प्रश्न: नाशिकला सिडकोत आमचे तळमजला आणि वर एक मजला असे घर आहे. राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या युनिटमधल्या कप्प्यात आहे. एका बाजूला आरशाचे लोखंडी कपाट, दुसऱ्या बाजूला माशांची दोन फुटी टाकी. मागच्या खोलीत आणि वरच्या मजल्यावर रेंज येत नाही, आणि उन्हाळ्यात दुपारी राउटर आपोआप बंद होऊन सुरू होतो. दोन्ही अँटेना उभे आहेत. नवा राउटर घ्यावा का?

उत्तर: एवढ्यात घेऊ नये. आहे तोच राउटर आधी दुसऱ्या जागी ठेवून पाहावा, कारण आपण सांगितलेल्या तक्रारींची कारणे बहुधा त्या कप्प्यातच आहेत आणि नवा राउटर तिथेच ठेवला, तर त्यालाही तीच कारणे आडवी येतील.

जागा बदलण्यापूर्वी मोजमाप घ्यावे, नाहीतर बदलाने फरक पडला की तसे नुसते वाटले, हे कळणार नाही. अँड्रॉइड फोनवर वायफायची ताकद दाखवणारी मोफत अ‍ॅप मिळतात. ती डीबीएम या एककात उणे आकडा देतात आणि तो शून्याच्या जितका जवळ, तितकी ताकद जास्त. उणे ६५ पर्यंत सारे सुरळीत चालते, उणे ७५ च्या पलीकडे व्हिडिओ कॉल अडखळू लागतात. आकडा दहाने घसरला म्हणजे पोहोचणारी शक्ती एक दशांश झाली, असे समजावे. विंडोज लॅपटॉप असेल, तर कमांड प्रॉम्प्टमध्ये पुढील आज्ञा द्यावी:

```
netsh wlan show interfaces
```

त्यात Signal या ओळीत टक्केवारी दिसते. १०० टक्के म्हणजे उणे ५० किंवा त्याहून चांगले आणि ५० टक्के म्हणजे साधारण उणे ७५. माणूस नुसता बाजूने गेला तरी आकडा तीन-चारने हलतो, म्हणून प्रत्येक खोलीत एकाच ठिकाणी, लॅपटॉप एकाच दिशेने ठेवून काही वेळा पाहावे आणि मधला आकडा लिहून ठेवावा.

आता राउटरपासून मागच्या खोलीतल्या टेबलापर्यंत मनात एक सरळ रेषा ओढावी. ती लोखंडी कपाटातून जात असेल, तर त्या खोलीला मिळते ती केवळ इकडून तिकडून परावर्तित होऊन आलेली रेंज. पत्रा वायफायच्या लहरी पलीकडे जाऊ देत नाही, त्या परतवतो; शिवाय अँटेना पत्र्याला जवळजवळ चिकटलेला असेल, तर तो मुळात नीट प्रक्षेपणच करू शकत नाही. कपाटाच्या दारावरच्या आरशाची मात्र वेगळी काळजी नको, कारण पत्रा आधीच तिथे आहे. आरसा नडतो तो लाकडी ड्रेसिंग टेबलचा किंवा बेसिनवरचा, कारण काचेमागचा धातूचा थर कितीही पातळ असला तरी लहरी परतवण्यास तो पुरेसा असतो, आणि त्यात धातू आहे हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

पाण्याचे काम याहून निराळे आहे. पाणी काही लहरी पृष्ठभागावरून परत पाठवते आणि आत शिरलेल्या शोषून घेते. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर गेली, की तिची निम्म्याहून अधिक शक्ती संपते आणि ५ गिगाहर्ट्‌झची त्याहूनही लवकर संपते. फूटभर रुंदीच्या टाकीतून आरपार काही जात नाही असेच धरावे. पण टाकी हलवण्याच्या फंदात पडू नये. भरलेल्या दोन फुटी टाकीत पाणीच पन्नास-साठ किलो असते, राउटर मुठीत मावतो.

नवी जागा जिन्याजवळ शोधावी, असे मला वाटते. दोन मजल्यांमधल्या स्लॅबमध्ये सळयांची जाळी आणि जाड काँक्रीट असते, तर जिन्याच्या मोकळ्या जागेतून रेंज तुलनेने सहज वर चढते. जिन्याच्या भिंतीवर, दाराच्या चौकटीएवढ्या उंचीवर लाकडी फळी ठोकून राउटर तिच्यावर ठेवावा आणि कपाट, फ्रिज, आरसा यांपासून जमल्यास तीन फूट, निदान एक फूट तरी अंतर राखावे.

अँटेनाविषयी एक गैरसमज जवळपास सर्वत्र आढळतो: ज्या खोलीत रेंज हवी, तिच्याकडे अँटेनाचे टोक रोखायचे. प्रत्यक्षात टोकाच्या दिशेने सर्वांत कमी रेंज जाते. मेदूवड्याच्या भोकातून बोट घालावे, तसा अँटेना मध्ये आणि रेंज त्याच्या सभोवती पसरलेली असते. म्हणजे दोन्ही अँटेना उभे असताना तळमजल्यावर रेंज चांगली पसरते, पण बरोबर डोक्यावरची खोली टोकाच्या रेषेत येऊन उपाशी राहते. आपल्या घरात एक अँटेना उभा ठेवावा आणि दुसरा आडवा करावा; आडव्याची रेंज वर आणि खाली जाते, मात्र त्याचे टोक मागच्या खोलीकडे नसावे. काही राउटरांत एक अँटेना एका बँडसाठी आणि दुसरा दुसऱ्या बँडसाठी असतो, तेव्हा फेरबदलानंतर २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ अशा दोन्ही नेटवर्कवर मोजून पाहावे. भिंतींवरून परावर्तन होतच असल्यामुळे अँटेना फिरवून काही डीबीएमचाच फरक पडतो. जागा बदलण्याने पडतो तो याहून मोठा.

पाथर्डी फाट्याजवळ माझ्या मावसभावाच्या रो-हाउसमध्ये आपल्यासारखीच मांडणी होती. टीव्हीच्या कप्प्यात राउटर असताना वरच्या खोलीत उणे ७९ येत होते. जिन्याच्या भिंतीवर आणल्यावर ते उणे ६७ झाले आणि एक अँटेना आडवा केल्यावर उणे ६३. तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत अँटेना आडवा केल्याने दोनाचा तोटा झाला, पण तिथे ताकद मुळात भरपूर असल्याने तो जाणवला नाही.

दुपारच्या बंद पडण्याकडे स्वतंत्रपणे पाहावे. घरगुती राउटरांवर सामान्यतः ४० अंशांपर्यंतच्या हवेत चालवावा असे लिहिलेले असते. नाशिकला एप्रिल-मे महिन्यांत बाहेरचा पारा चाळिशीला टेकतो आणि सेट-टॉप बॉक्सच्या शेजारी, बंद कप्प्यात, त्यातून भिंत पश्चिमेची असेल तर हवा त्याहून गरम होते. सगळे दिवे एकदम विझून पुन्हा लागत असतील, तर राउटरच बंद होत आहे. फक्त इंटरनेटचा दिवा जात असेल, तर दोष लाइनचा आहे. त्याच क्षणी पंखा किंवा ट्यूबलाइटही दबत असेल, तर विजेकडे पाहावे. खात्रीसाठी ऐन उन्हाच्या काही दुपारी राउटर उघड्यावर, टेबलफॅनसमोर ठेवावा. तरीही तो बंद पडत राहिला, तर अ‍ॅडॉप्टरवर संशय घ्यावा आणि तेवढ्याच व्होल्टचा, अँपिअर तेवढेच किंवा जास्त असलेला अ‍ॅडॉप्टर लावून पाहावे.

राउटर नव्या जागी नेताना फायबरची बारीक वायर स्वतः ओढू किंवा कोपऱ्यात दुमडू नये. काचेचा तंतू असल्याने तीव्र वळणावर तिच्यातून प्रकाश गळतो. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील, तर डबा आहे तिथेच ठेवून तिथून जिन्यापर्यंत लॅन केबल टाकावी. दोन्ही एकाच डब्यात असतील, तर केबलवाल्याकडून फायबर पुढे वाढवून घ्यावी. एवढे करूनही वरच्या खोलीत उणे ७५ च्या खालीच आकडा राहिला, तर मात्र खर्च करावा, पण तो महागड्या राउटरवर नव्हे, तर लॅन केबलने जोडून वरच्या मजल्यावर ठेवायच्या साध्या दुसऱ्या अ‍ॅक्सेस पॉइंटवर.