नाव बदललेल्या कव्हरची मूळ गायिका

प्रश्न: यूट्यूबवर "हार्ट टचिंग फीमेल व्हर्जन" नावाने एका भावगीताचं घरगुती कव्हर ऐकलं, शाझम काहीच दाखवत नाही, मूळ गायिका कशी शोधू?

उत्तर: शाझमकडे नोंद असलेलं रेकॉर्डिंग जसंच्या तसं असेल तरच ते ओळखतं, घरी गायलेलं कव्हर बहुतेक नोंदलेलंच नसतं. त्यामुळे टायटल विसरा आणि गाण्याची पहिली ओळ टाकून पुढे "कव्हर" लिहून शोधा, एकदा देवनागरीत, एकदा इंग्रजी अक्षरांत, कारण गाणारे लोक शक्यतो गाण्याचं खरं नावच लिहितात. दुसऱ्याचं कव्हर नाव बदलून परत टाकणारे रीअपलोडवाले बऱ्याचदा आवाज स्लो करतात, म्हणून स्पीड 1.25 करून ऐका आणि एखादी खूण पकडा. मी असंच एक शोधत होते, त्यात दुसऱ्या अंतऱ्यात मागे कुकरची शिट्टी वाजते, तीच शिट्टी त्याच शब्दावर एका छोट्या चॅनलवर सापडली आणि तिथे सुरुवातीचा तानपुरा, "नमस्कार" सगळं होतं जे कॉपीत कापलेलं. फक्त जुनी तारीख दिसली म्हणून तोच मूळ व्हिडिओ असं धरू नका हं, कधी गाणं आधी इन्स्टा नाहीतर स्म्यूलवर टाकलेलं असतं. त्याच चॅनलवर त्याच आवाजात आणखी गाणी आहेत का ते नक्की बघा.