पेबॅक, एआरआर आणि एनपीव्ही यांची तुलना परीक्षेत कशी लिहावी?

प्रश्न: बी.कॉम.ला आहे. तिन्ही सूत्रं पाठ आहेत, गणितं सुटतात. पण ‘पेबॅक आणि एआरआर यांच्यापेक्षा एनपीव्ही चांगली का?’ असं विचारलं की ‘पैशाचं कालमूल्य’ एवढंच लिहून थांबतो. दहा मार्कांना काय लिहायचं?

उत्तर:

‘पैशाचं कालमूल्य’ हे बरोबरच आहे, पण ते नुसतं लिहून मार्क मिळत नाहीत, गणितात दाखवावं लागतं. त्यासाठी एकच उदाहरण घ्यायचं आणि त्यातले आकडे थोडे हलवून बघायचं की कुठल्या पद्धतीचं उत्तर बदलतं आणि कुठल्या पद्धतीला पत्ताही लागत नाही.

समजा एक पॅकिंग मशीन ४,००,००० रुपयांना मिळतं. आयुष्य ४ वर्षं, शेवटी भंगार मूल्य शून्य. घसारा सरळ रेषा पद्धतीने, म्हणजे वर्षाला १,००,०००. कर भरून, पण घसारा वजा करण्याआधी हातात येणारी रोकड पहिली दोन वर्षं प्रत्येकी २,००,००० आणि पुढची दोन वर्षं प्रत्येकी ६०,०००. भांडवलाचा खर्च १२ टक्के.

पेबॅक तोंडीच निघतो. दोन वर्षांत चार लाख परत आले, म्हणून परतफेड कालावधी २ वर्षं.

एआरआरसाठी रोकड नाही, नफा लागतो, म्हणून घसारा वजा करायचा. चार वर्षांची रोकड ५,२०,०००, त्यातून घसारा ४,००,००० गेला, उरला नफा १,२०,०००. सरासरी वर्षाला ३०,०००. सरासरी गुंतवणूक चार लाखांच्या निम्मी, २,००,०००. एआरआर १५ टक्के.

एनपीव्हीसाठी पुन्हा रोकडीकडे यायचं. घसारा हा हिशोबातला खर्च आहे, तो कुणाला द्यावा लागत नाही, म्हणून इथे तो वजा करायचा नाही. १२ टक्क्यांचे फॅक्टर ०.८९३, ०.७९७, ०.७१२ आणि ०.६३६. गुणाकार केले की १,७८,६००, १,५९,४००, ४२,७२० आणि ३८,१६० येतात. बेरीज ४,१८,८८०. त्यातून मशीनची किंमत वजा केली की एनपीव्ही १८,८८० रुपये, धन. प्रकल्प स्वीकारावा.

इथवर तिन्ही पद्धती खूश आहेत. आता आकडे हलवूया.

पहिला बदल: तिसऱ्या वर्षी मशीन बंद पडलं आणि पुढे एक रुपयाही आला नाही असं धरा. पेबॅक किती? तरीही २ वर्षंच. सूत्राने तिसऱ्या-चौथ्या वर्षाकडे बघितलंच नव्हतं, मग तिथे काय झालं हे त्याला कळणार कसं? एनपीव्ही मात्र लगेच पडते: १,७८,६०० अधिक १,५९,४०० म्हणजे ३,३८,०००, वजा चार लाख, उणे ६२,०००. धंद्याला तोटा होतोय आणि पेबॅक सांगतो की काही बदललं नाही. ‘परतफेडीनंतरच्या रोख प्रवाहाकडे दुर्लक्ष’ हे पाठ केलेलं वाक्य या दोन आकड्यांशेजारी लिहिलं की त्याला वजन येतं. (सवलतीचा पेबॅक काढला तर मूळ मशीनचे पैसे २ वर्षांत नाही, साधारण साडेतीन वर्षांत वसूल होतात. कालमूल्याचा दोष सुटला, पण वसुलीनंतर काय होतं ते त्यालाही दिसत नाही.)

दुसरा बदल: मूळ आकडेच घ्या, फक्त क्रम उलटा करा. आधी ६०,००० दोनदा, मग २,००,००० दोनदा. एकूण रोकड तीच, एकूण नफा तोच, म्हणून एआरआर पुन्हा १५ टक्केच. सरासरी काढताना कोणता पैसा कधी आला हे पुसलंच जातं. आता एनपीव्ही काढा: ५३,५८० अधिक ४७,८२० अधिक १,४२,४०० अधिक १,२७,२०० म्हणजे ३,७१,०००. एनपीव्ही उणे २९,०००.

इथेच जास्तीत जास्त विद्यार्थी घसरतात. ‘एआरआर १५ टक्के, भांडवलाचा खर्च १२ टक्के, १५ मोठे, म्हणून स्वीकारा’ असं लिहून मोकळे होतात. पण हे १५ टक्के पुस्तकी नफ्याचे आहेत आणि १२ टक्के हा वर्षागणिक चक्रवाढीने लागणारा दर आहे. या दोन टक्क्यांची जात एक नाही, त्यामुळे त्यांची तुलनाच करता येत नाही. उलट्या क्रमाच्या मशीनचा एआरआर १५ टक्के असूनही ते २९,००० रुपयांनी मूल्य घटवतं, हे वाक्य उत्तरात जरूर लिहा. मला विचाराल तर सगळ्या तुलनेतला हाच सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे.

एआरआरचा आणखी एक दोष, तोही आकड्यात दाखवता येतो. काही पुस्तकं सरासरी नफ्याला सुरुवातीच्या पूर्ण गुंतवणुकीने भागतात. तसं केलं तर ३०,००० भागिले ४,००,००० म्हणजे ७.५ टक्के. कंपनीने किमान १२ टक्क्यांची अट घातली असेल तर तेच मशीन एका सूत्राने पास, दुसऱ्याने नापास. म्हणून पेपरात कोणतं सूत्र वापरलं ते आधी लिहा. भंगार मूल्य दिलं असेल तर सरासरी गुंतवणूक म्हणजे किंमत अधिक भंगार मूल्य, भागिले दोन. इथे बरेच जण सवयीने भंगार मूल्य वजा करतात आणि गणित चुकतं.

मग पेबॅक आणि एआरआर अजून का वापरतात, हेही दोन ओळीत हवं. रोकडीची ओढाताण असलेल्या छोट्या उद्योगाला पैसे किती दिवस अडकतील हे कळणं खरंच गरजेचं असतं आणि तंत्रज्ञान पटकन जुनं होणार असेल तर लवकर वसुली ही मोठी गोष्ट आहे. एआरआर थेट नफा-तोटा पत्रकातून निघतो, म्हणून हिशोब बघणाऱ्यांना ओळखीचा वाटतो. या पद्धती पहिल्या चाळणीला ठीक आहेत. शेवटचा निर्णय त्यांच्यावर सोडता येत नाही.

एनपीव्हीलाही मर्यादा आहे आणि ती लिहिणारे फार थोडे असतात. मूळ मशीनच १५ टक्के दराने काढून बघा: बेरीज सुमारे ३,९९,००० येते, एनपीव्ही हजारभर रुपयांनी उणे. दर तीन टक्क्यांनी बदलला आणि ‘स्वीकारा’चं ‘नाकारा’ झालं. दर चुकीचा धरला किंवा चौथ्या वर्षाची रोकड अंदाजाने फुगवली तर एनपीव्हीसुद्धा आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर देते. शिवाय रोख प्रवाहातून कर्जाचं व्याज वजा करू नका. ते १२ टक्क्यांच्या दरात आधीच धरलेलं असतं, नाहीतर एकच खर्च दोनदा मोजला जातो.

पेपरात जागा कमी असेल तर तिन्ही व्याख्या एकेका ओळीत उरका, मूळ गणित मांडा आणि उरलेली जागा या दोन बदलांना द्या. वेळ अगदीच संपत आला तर उलट्या क्रमाचा बदल ठेवा, तो एकटाही पुरेसा बोलका आहे.