मागावरच्या कामानंतर कानात शिट्टी: मेंदूत काय बदलतं आणि साउंड थेरपी काय बदलू पाहते

प्रश्न: वय 46. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर 22 वर्षं. वर्षभर दोन्ही कानांत रातकिड्यासारखी शिट्टी आहे. ऑडिओग्राममध्ये 2000 पर्यंत 20, 4000 ला 55, 8000 ला 35. डॉक्टर म्हणाले नस कमजोर. दुसरीकडे सांगितलं, आवाज कानात नाही, मेंदूत आहे, साउंड थेरपीची मशीन घ्या. कुलर लावला की बरं वाटतं, मग तीच थेरपी नाही का? मशीनने नेमकं काय बदलतं?

उत्तर:

ऑडिओग्राम म्हणजे किती हर्ट्झचा सूर ऐकू यायला किती डेसिबल लागतात त्याचा आलेख; डेसिबलचा आकडा जितका मोठा तितकं ऐकू कमी, आणि रेघ तितकी खाली. तुमचे तीन आकडे बरंच काही सांगतात. 4000 हर्ट्झला खड्डा आणि 8000 ला पुन्हा थोडी वर आलेली रेघ, ही मोठ्या आवाजाने झालेल्या इजेची ओळखीची खूण आहे. निव्वळ वयाने ऐकू कमी येतं तेव्हा रेघ बहुधा शेवटपर्यंत उतरत जाते, मध्येच वर येत नाही. आतल्या कानातल्या शंखासारख्या कॉक्लियात प्रत्येक सुराची आपली जागा असते. त्यातल्या 4000 च्या आसपासच्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी मागाच्या खडखडाटाने गेल्या आहेत आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. इथपर्यंत गोष्ट कानाची.

इथून पुढची मेंदूची. 4000 चा खड्डा बोलण्यात कसा जाणवतो ते बघा. ‘सहा’ आणि ‘दहा’ यांतला फरक ज्या ‘स’वर अवलंबून आहे, त्या ‘स’ची ताकद 4000 हर्ट्झ आणि त्याच्या वर असते. साध्या गप्पांत हा भाग ऑडिओग्रामच्या मापात 20 ते 30 डेसिबलवर येऊन पोचतो. तुम्हाला तिथे 55 लागतात. म्हणजे घरी, बाजारात, चहाच्या टपरीवर दिवसभर त्या पट्टीकडे जवळपास काहीच पोचत नाही. पोचतो तो फक्त माग, आणि तोच तिला आणखी मारतो.

ऐकण्याच्या मार्गावरच्या चेतापेशींना आपलं काम एका ठरावीक पातळीवर ठेवायची सवय असते. कानाकडून येणारा संदेश कमी झाला की त्या आपली संवेदनशीलता वाढवतात आणि एकमेकींना आवरणारा ब्रेक सैल करतात. हे मेंदूच्या देठातल्या पहिल्या स्थानकापासूनच सुरू होतं. मूळ हेतू चांगला असतो: कमी ऐकू येतंय, तर आहे तेवढं मोठं करून घेऊ. पण चेतापेशी शांततेतही थोड्याफार आपसूक पेटत असतात. वाढवलेल्या संवेदनशीलतेत तीच पेटापेट मोठी होते आणि वरच्या भागाला ती खरा सूर वाटते. तो सूर साधारण त्याच पट्टीचा असतो जिथे ऐकणं गेलंय. म्हणून तुमची शिट्टी बारीक, रातकिड्यासारखी आहे, ढोलासारखी नाही. जुळवून घेणारी व्यवस्था इथे चुकीच्या दिशेने जुळवून घेते. अभ्यासक हिला अपायकारक लवचिकता म्हणतात.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चांगलं ऐकू येणाऱ्या 18 जणांनी एका कानात 7 दिवस इअरप्लग घातला. त्यांतल्या 14 जणांना नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, आणि प्लग काढल्यावर ते गेले. कान शाबूत होता, फक्त आवाजाची आवक तोडली होती. उलट बाजूने पाहायचं तर, ट्यूमरच्या शस्त्रक्रियेत ऐकण्याची नस कापावी लागलेल्या कित्येकांची शिट्टी तशीच राहते, काहींची वाढते. शिट्टी कानातूनच येत असती तर तार तोडल्यावर ती थांबायला हवी होती. आणखी एक गोष्ट घरी करून बघा. शांत खोलीत दातांवर दात पाच सेकंद घट्ट दाबा. बऱ्याच जणांची शिट्टी तेवढ्यापुरती बदलते, कारण जबड्याच्या आणि मानेच्या नसांचे धागे देठातल्या त्याच पहिल्या स्थानकात येऊन मिळतात. तुमची बदलली नाही तरी चिंता नको, सगळ्यांची बदलत नाही.

आणखी एक स्पष्टीकरण तुमच्या वाचनात येईल. मेंदूच्या पृष्ठभागावर सुरांचा नकाशा असतो. रिकामा प्लॉट दिसला की शेजारी कुंपण सरकवतो, तसं बंद पडलेल्या पट्टीची जागा शेजारचे सूर बळकावतात आणि शिट्टी त्यातून जन्मते, असं बरीच वर्षं मानलं जात होतं. आवाजाने इजा झालेल्या मांजरांच्या मेंदूत असा सरकलेला नकाशा दिसला आहे. इजा झाल्याबरोबर ज्या मांजरांना काही आठवडे सौम्य, उंच सुरांच्या आवाजात ठेवलं, त्यांचा नकाशा मात्र सरकला नाही. साउंड थेरपीमागच्या विचाराला इथून मोठं बळ मिळालं. पण माणसांत 2012 साली असंही दिसलं की नकाशा जागच्या जागी असतानाही शिट्टी असू शकते. त्यामुळे ‘मशीनने मेंदूचा नकाशा पूर्ववत होतो’ असं कोणी विकताना सांगितलं, तर त्या वाक्यावर पैसे देऊ नका. माझ्या मते वाढलेल्या संवेदनशीलतेचं स्पष्टीकरण जास्त भक्कम आहे.

आता कुलर. तो लावल्यावर बरं वाटतं याचं कारण खरं आहे: पूर्ण शांततेत शिट्टी एकटी उरते, कुलरच्या आवाजात ती उठून दिसत नाही. सोलापुरात कुलर बंद होऊन पंखाही नकोसा होतो त्या थंडीच्या रात्रींत अनेकांना शिट्टी ‘वाढल्यासारखी’ वाटते ती यामुळेच. पण कुलरची घरघर मुख्यतः खालच्या सुरांची असते, आणि ते सूर तुम्हाला आधीच नीट ऐकू येतात. उपाशी पट्टी 4000 ची आहे, तिला त्या घरघरीतून फारसं काही मिळत नाही. कुलर पार्श्वभूमी भरतो, आवक परत आणत नाही. साउंड थेरपीची ही दोन वेगवेगळी कामं आहेत, आणि तुमच्या बाबतीत दुसरं जास्त महत्त्वाचं.

त्या दुसऱ्या कामासाठी सर्वांत सरळ साधन म्हणजे श्रवणयंत्र. तुमच्यासारख्या खड्ड्यात ते 3000 ते 6000 च्या पट्टीत साधारण 20 ते 25 डेसिबल वाढ देतं, म्हणजे साध्या गप्पांतला ‘स’ तुमच्या 55 च्या उंबरठ्यापर्यंत येऊ शकतो. मेंदूला खरा संदेश पुन्हा मिळाला की संवेदनशीलता ताणून धरायचं कारण कमी होतं, अशी अपेक्षा असते. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे कान बंद करणारी रबरी टोपी. तुमचे खालचे सूर चांगले आहेत. कान बंद झाला की ते अडतात, स्वतःचा आवाज घुमतो आणि शिट्टी आणखी उठून ऐकू येते. भोकं असलेली उघडी टोपी मागा. बसवताना कानात बारीक नळी घालून पडद्याजवळ आवाज किती पोचतो ते मोजायला सांगा. नुसतं ‘ऐकू येतंय ना?’ विचारून बसवलेलं यंत्र 4000 वर बऱ्याचदा कमी पडतं. शिट्टीचा सूर किती हर्ट्झचा आहे तेही आधी ऑडिओमीटरवर जुळवून मोजून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. तो 6000 च्या खाली निघाला तर श्रवणयंत्राचा फायदा होण्याची शक्यता जास्त, कारण बहुतेक यंत्रांची वाढ त्याच्या वर झपाट्याने कमी होते.

पहिलं काम, म्हणजे पार्श्वभूमीचा आवाज, यासाठी मशीन विकत घ्यायची गरज नाही. पावसाचा किंवा ‘शूऽऽ’ असा सपाट आवाज फोनवर लावा, फोन उशीपासून हातभर दूर ठेवा, इअरफोन घालू नका. आवाज शून्यापासून सावकाश वाढवा. एका टप्प्यावर शिट्टी आणि पाऊस एकमेकांत मिसळायला लागतात, शिट्टीची कड बोथट होते. तिथून किंचित मागे या आणि थांबा. शिट्टी ऐकू येत राहिली पाहिजे. अनेकजण ती पूर्ण बुडेपर्यंत आवाज वाढवतात, आणि इथेच गाडी अडते. मेंदूला एखादा आवाज बिनमहत्त्वाचा मानायची सवय लागायची, तर तो आवाज ऐकू येत असला पाहिजे. बुडवलेल्या शिट्टीची सवय लागत नाही असं मानलं जातं, आणि पाऊस बंद केला की ती तितकीच टोचते. पातळी बरोबर आहे का हे ओळखायचं तर शेजारच्या माणसाशी बोलून बघा, आवाज चढवावा लागला तर जास्त झालं. दिवसातले 6 ते 8 तास, त्यात झोपेचेही आले, आणि हिशोब महिन्यांचा, आठवड्यांचा नाही.

मर्यादाही ऐकून ठेवा. उपचारांचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रन संस्थेच्या 2018 च्या आढाव्यात श्रवणयंत्र किंवा आवाजाची मशीन काहीच न करण्यापेक्षा सरस असल्याचा पक्का पुरावा मिळाला नाही. याचा अर्थ उपयोग शून्य असा नाही, पण हमी कोणी देऊ शकत नाही. शिट्टी बंद होणं हे उद्दिष्ट धरू नका. तिच्याकडे लक्ष जाणं आणि तिचा त्रास कमी होणं, हे धरा. म्हणून रोज ‘आज किती मोठी आहे’ असं तपासू नका, तपासणं म्हणजे लक्ष देणंच. त्याऐवजी टिनिटसची, म्हणजे कानातल्या शिट्टीची, ‘टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरी’ ही 25 प्रश्नांची, 100 गुणांची प्रश्नावली आज भरा आणि तीन महिन्यांनी पुन्हा. गुण 7 किंवा त्याहून जास्त उतरले तर फरक खरा मानायचा. झोप आणि चिडचिड हाताबाहेर असेल तर समुपदेशकाकडे विचार-वर्तन उपचार घ्या. शिट्टीचा त्रास कमी करण्यासाठी त्याचा पुरावा मशीनपेक्षा चांगला आहे. गिंको नावाच्या वनस्पतीच्या, झिंकच्या किंवा मेलाटोनिनच्या गोळ्या शिट्टीसाठी घेऊ नका.

मागावर जाताना मात्र श्रवणयंत्र काढून फोमचा प्लग घाला. बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत 30 सेकंद धरून ठेवा. नुसता कानाच्या तोंडाशी अडकवलेला प्लग जवळपास निरुपयोगी असतो. पाळी संपली, शेडबाहेर आलात की लगेच काढा. शिट्टीच्या भीतीने घरीही प्लग किंवा कापूस घालून बसणारे बरेच आहेत, आणि त्या 18 जणांवर जे केलं तेच ते स्वतःवर करत असतात.

शिट्टी एकाच कानात शिल्लक राहिली, नाडीच्या ठोक्यासारखी वाजू लागली, किंवा एखाद्या सकाळी अचानक ऐकू येणं कमी झालं, तर यातलं काहीही करत बसू नका. पहिल्या दोन्हींसाठी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून वेगळी तपासणी लागते, आणि अचानक गेलेल्या ऐकण्यासाठी त्याच दिवशी गाठा, स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच सर्वांत जास्त होतो.