एका विहिरीतून तीन प्रोजेक्ट

प्रश्न: मी परभणी जिल्ह्यातला, बी.ए.ला भूगोल आहे. जुन्या विहिरी, बारवा बघत हिंडायचा नाद आहे. माइंड मॅप काढला, पण सगळ्या फांद्या 'विहिरींची माहिती' इथंच येऊन थांबतात. आत्ता ऑक्टोबर आहे, प्रोजेक्ट मार्चमध्ये द्यायचाय. वेगवेगळे विषय कसे काढू?

उत्तर:

प्रकार, इतिहास, महत्त्व, सद्यस्थिती, अशाच फांद्या काढल्या असतील तुम्ही. ती पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिका झाली. पहिल्या वर्तुळात क्रियापदं लिहा, तीही माणूस विहिरीवर खरोखर जे करतो ती: मोजतो, उतरतो, उपसतो, ओढतो.

'एका फांदीवर एकच शब्द' हा माइंड मॅप लोकप्रिय करणाऱ्या टोनी बुझान यांचा नियम वर्गात वेदवाक्यासारखा सांगतात. आतल्या वर्तुळापुरता तो ठीक आहे. टोकाला मात्र अख्खं वाक्य लागतं. 'पाणीपातळी' म्हटलं की सगळे माना डोलावतात, पण उद्या सकाळी उठून काय करायचं ते त्यातून कळत नाही. आणि सहा रंगांची स्केचपेनं बघून शाबासकी देणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. पाठकोरा कागद आणि पेन्सिल घ्या, निम्म्या फांद्या खोडायच्याच असतात.

आता 'मोजतो' बाहेर न्या. काय मोजायचं? पातळी. कधी? पावसाळा सरल्यावर. टोकाचं वाक्य: 'गावातल्या दहा विहिरींची पातळी दर पंधरा दिवसांनी मोजून ती किती वेगानं उतरते ते काढणं.' 'उतरतो'मधून पायऱ्या निघतात, आणि तिथून 'एका बारवेचा टेपनं मोजून आराखडा काढणं.' 'ओढतो'मधून बैलांची मोट, मोटेतून जाड दोर म्हणजे नाडा, तिच्या सोंडेची बारीक दोरी म्हणजे सोंदूर, बैलांची ये-जा होते ती धाव, पाणी पडतं ते थारोळं, आणि टोकाला 'स्वतः मोट हाकलेल्या आठ जणांकडून हे शब्द वापरासकट नोंदवणं.' 'उपसतो'मधून निघेल 'मोटर किती तास चालली तर पातळी किती खाली जाते.' हे वेगळं वाटतं, पण टेप तीच, विहिरी त्याच, शेवटी निघणारा आलेखही तोच. दोन टोकांची साधनं, नोंदी आणि हाती येणारी वस्तू सारखीच असेल तर तो एकच प्रोजेक्ट असतो. म्हणून 'उपसतो' खोडा, 'मोजतो'ला जोडा. उरले तीन.

या तिघांना दहापैकी गुण देत बसू नका, तुमच्या तारखांवर ठेवून बघा. पातळीचं काम सोपं दिसतं, पण चुका बारीक असतात. मोटर सुरू व्हायच्या आधी, सकाळीच मोजायचं, कठड्यावर रंगानं खूण करून दर वेळी तिथूनच टेप सोडायची आणि कठड्याची उंची वजा करायची. खुणेपासून पाणी ११.४० मीटरवर आणि कठडा ०.९० मीटरचा असेल, तर जमिनीखालची पातळी १०.५० मीटर. आपल्या बेसाल्टमध्ये पाणी झिजलेल्या थरात आणि भेगांत असतं, त्यामुळे शेजारच्या दोन विहिरींचे आकडे जुळले नाहीत तर लगेच मोजणीला दोष देऊ नका. खरी अडचण वेगळी आहे: पातळी तळाला जाते मे महिन्यात, आणि तुमचं काम मार्चला संपतं.

बारवेचं उलटं. ऑक्टोबरात खालच्या पायऱ्या पाण्याखाली असतात. त्या उघड्या पडेपर्यंत तुमचा आराखडा अर्धाच, आणि बारव संरक्षित स्मारक असेल तर परवानगीचा अर्ज वेगळाच.

मोटेच्या शब्दांना ऋतू आड येत नाही, वय येतं. मोट हाकलेली माणसं म्हातारी झालीत, म्हणून हे काम पुढच्या वर्षावर टाकता येत नाही. फक्त 'याला काय म्हणतात?' असं विचारत सुटू नका, सुटे शब्द मिळतात आणि ते तपासता येत नाहीत. 'सकाळी मोट कशी जुंपायचे, पहिल्यापासून सांगा' म्हणा, मग 'सोंदूर ढिली पडली की पाणी थारोळ्यात पडायच्या आधीच सांडायचं' अशी वाक्यं येतात. ती विचारून, परवानगीनं रेकॉर्ड करा. एकच शब्द दोन गावांत दोन वस्तूंना वापरला तर दुरुस्त न करता गावासकट लिहा, भूगोलाच्या विद्यार्थ्याला नकाशावर मांडायला तेच हवं.

माझं मत मोटेच्या बाजूनं आहे. पण तुमचे मार्गदर्शक 'हा भाषेचा विषय झाला' म्हणू शकतात, तेव्हा टोकाचं वाक्य त्यांना आधीच दाखवा. नाही पटलं तर पातळी घ्या, शीर्षकात 'ऑक्टोबर ते फेब्रुवारी' लिहा आणि उन्हाळ्याबद्दल एकही निष्कर्ष काढू नका. पातळीचं काम घ्यायचं ठरलं तर पहिली नोंद याच आठवड्यात व्हायला हवी.