उत्तर उणे आलं तर बर्फ लिही

भाऊ, बेकरीच्या पेपरात ग्लुटेनची व्याख्या सगळेच लिहितात. मार्क जातात ते पाण्याच्या तापमानात. ब्रेडचा डो २६ अंशांवर हवा असेल तर २६ ला ३ ने गुण, ७८ आले. त्यातून खोली, मैदा आणि मिक्सरच्या घर्षणाची उष्णता वजा कर, उरेल ते पाण्याचं तापमान. आपल्या नागपुरात एप्रिलच्या दुपारी खोली ३६, मैदा ३४, घर्षण १० धरलं तर बेरीज ८०, उत्तर उणे २. गणित खोडू नको. पाण्याचा काही भाग बर्फ म्हणून घालावा, असं लिही.

मिक्सिंग कधी थांबवायचं? छोटा गोळा ताणल्यावर न फाटता उजेड दिसेल इतका पातळ पापुद्रा झाला की. पुढेही फिरवलंस तर ग्लुटेन तुटतं, डो चिकट होऊन भांड्याला धरतो.