दारू, ट्रायग्लिसराइड आणि ‘चांगला’ दिसणारा रिपोर्ट

प्रश्न: माझा लिपिड प्रोफाइल आलाय. टोटल कोलेस्टेरॉल २२८, ट्रायग्लिसराइड ३८०, एचडीएल ५८, एलडीएल ९४. रोज रात्री दोन पेग घेतो, बुधवारी-रविवारी मटण असतं. एलडीएल-एचडीएल तर मस्त आहेत, मग नुसतं मटण कमी केलं तर चालेल का? मी कोल्हापूरचा आहे.

उत्तर:

मटणावर कशाला खापर फोडताय? आठवड्यातून दोनदा खाल्लेल्या मटणाने उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड ३८० वर जाणं अवघड आहे. मटणाची चरबी जास्त करून एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढवते. ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी, आणि ती चढवणाऱ्या गोष्टी म्हणजे दारू, साखर, सुटलेलं पोट आणि आवाक्याबाहेर गेलेला डायबेटीस. यातली पहिली गोष्ट तुम्ही स्वतःच लिहिली आहे.

दारू पोटात गेली की लिव्हर बाकीची कामं बाजूला ठेवून आधी ती निकालात काढतं. त्या कामात एनएडी नावाचं रसायन खर्ची पडतं, आणि चरबी जाळायलाही तेच लागतं. म्हणजे चरबी जळायची थांबते, उलट नवी तयार व्हायला लागते. त्यातली थोडी लिव्हरमध्येच साठते (सोनोग्राफीवर ‘फॅटी लिव्हर’ येतं ते हेच), उरलेली व्हीएलडीएल नावाच्या, चरबी वाहून नेणाऱ्या कणांत भरून रक्तात सोडली जाते. वर दारूसोबत तर्रीदार रस्सा असेल तर रक्तातली चरबी उचलण्याचं कामही त्या रात्री मंदावतं. मटणाचा दोष असलाच तर तो एवढाच, की ते पेगच्या संगतीत बसतं.

आता ‘दोन पेग’. घरी ओतलेल्या पेगवर माझा विश्वास नाही. खंबा किती दिवस पुरतो ते सांगा. ७५० मिलीची बाटली पाच दिवसांत संपत असेल तर रोजचे १५० मिली झाले, म्हणजे ३० मिलीचे पाच पेग. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीत त्यातून साधारण ५० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्यांनीही ऐका: ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत जवळपास ४१ ग्रॅम असतं, म्हणजे चार पेग.

मी लॅबमध्ये काम करतो, आणि ‘बाकी मस्त आहे’ हे वाक्य रिपोर्ट घ्यायला आलेल्या माणसांकडून सारखं ऐकतो. तुमचं ९४ कुठून आलं ते बघा. बऱ्याच ठिकाणी एलडीएल मोजत नाहीत, गणितानं काढतात. ट्रायग्लिसराइडला पाचाने भागलं की व्हीएलडीएल, तुमचं ७६. टोटल २२८ मधून एचडीएल ५८ आणि हे ७६ वजा केले की ९४ उरतात. म्हणजे ट्रायग्लिसराइड जितकं जास्त तितकी वजाबाकी मोठी आणि एलडीएल तितकं गोंडस. ४०० च्या वर हे गणित चालतच नाही आणि ३८० लाही ते एलडीएल कमीच दाखवतं. त्यापेक्षा टोटलमधून नुसतं एचडीएल वजा करा. २२८ वजा ५८, १७०. याला नॉन-एचडीएल म्हणतात आणि साधारण माणसाचं ते १३० च्या आत असावं. आता मस्त वाटतंय का?

राहिलं एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल. गुळाच्या अडतीवरचे एक गृहस्थ याच मुद्द्यावर माझ्याशी भांडले होते. पिणं चालू असताना त्यांचे आकडे होते: ट्रायग्लिसराइड ३४०, एचडीएल ६१, एलडीएल ८७. डॉक्टरांनी महिनाभर पूर्ण बंद करायला लावलं. दुसऱ्या रिपोर्टात ट्रायग्लिसराइड १६०, एचडीएल ५०, एलडीएल ११४. काउंटरवर कागद आपटून म्हणाले, ‘दारू सोडली आणि चांगलं कमी झालं, वाईट वाढलं. हे काय?’ सोबतच्या पाहुण्यांनी तर लगेच ‘थोडी घेतलेली हृदयाला बरी’ हे पालुपद लावलं.

अहो, दारूने एचडीएल वाढतं हे खरंच आहे. पण असं वाढवलेलं एचडीएल हृदयाची राखण करतंच असं नाही. टॉरसेट्रापिब नावाच्या औषधानं एचडीएल भरपूर वाढायचं, तरी औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त दिसल्यामुळे २००६ साली त्याची चाचणी थांबवावी लागली. एलडीएलचं म्हणाल तर ते आधीही होतंच, व्हीएलडीएलच्या वजाबाकीत दडलेलं होतं, शिवाय व्हीएलडीएल उतरताना त्यातल्या काही कणांचं एलडीएल होतं. त्यांचं नॉन-एचडीएल १५५ वरून १४६ वर आलं होतं. म्हणजे रिपोर्ट सुधारला होता, पुरेसा नसेल, पण सुधारला होता. पाहुण्यांना हे पटलं नाही, अजूनही पटलेलं नसेल.

लॅबमध्ये रक्ताची नळी मशीनवर फिरवून काढली की रक्तपेशींच्या वर स्वच्छ पिवळसर पाणी उभं राहायला हवं. तुमच्याएवढ्या ट्रायग्लिसराइडला ते जरा गढूळ दिसतं. हजाराच्या पुढे मात्र सरळ पांढऱ्या रस्स्यासारखं दिसतं. अशी नळी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली आणि वर साय धरली तर ती जेवणातून आलेली चरबी. साय न धरता सगळंच गढूळ राहिलं तर लिव्हरने सोडलेलं व्हीएलडीएल. पिणाऱ्यांत हा दुसरा प्रकार नेहमीचा.

आता करायचं काय? तीन-चार आठवडे पूर्ण बंद, ‘शनिवारी एकच’ नको. मग त्याच लॅबमध्ये १० ते १२ तास उपाशी राहून परत तपासणी. ट्रायग्लिसराइड १५० च्या आसपास आलं तर चोर सापडला. २०० च्या वरच राहिलं तर डायबेटीससाठी एचबीए१सी आणि थायरॉइडसाठी टीएसएच करा, वजन बघा, घरात कुणाला हा त्रास आहे का विचारा, आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा. जोडीला जीजीटी, एसजीओटी, एसजीपीटी या लिव्हरच्या तपासण्या करून घ्या. एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त असेल तर दारूचा संशय पक्का होतो. तपासणीआधी तीन दिवस बंद ठेवून सुंदर रिपोर्ट घेऊन जाणारे महाभाग आहेत. ते नेमकं कुणाला फसवतात हे मला अजून कळलेलं नाही.

दोन गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या. एक, ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर गेलं तर हृदयाआधी स्वादुपिंडाची काळजी, आणि हजाराच्या वर तर जास्तच. वरच्या पोटात जोराची कळ येऊन ती पाठीत जात असेल तर लगेच दवाखाना गाठा. रक्तात खूप चरबी असली की अशा वेळी स्वादुपिंडाची अमायलेज ही तपासणी खोटी नॉर्मल येऊ शकते, म्हणून लायपेज करायला सांगा. दोन, रोज भरपूर पिणाऱ्याचे सकाळी हात थरथरत असतील, घाम फुटत असेल, तर एकदम बंद करायचं नाही. आकडी येऊ शकते, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायचं.

आणि कुणी वर्षानुवर्षं पिऊनही ‘माझं लिपिड बघा, एकदम नॉर्मल’ म्हणत असेल तर त्याचं लिव्हर तपासा. सिरॉसिसमध्ये लिव्हरला कोलेस्टेरॉल बनवायचंही जमत नाही, म्हणून आकडे खाली येतात.