आधी आकडा, मग वेग, ठिकाण सगळ्यात शेवटी

प्रश्न : आई-बाबा, भाऊ-वहिनी, आम्ही दोघं आणि दोन मुलं अशी सहा रात्रींची सहल ठरवतोय. भावाला महागडं रिसॉर्ट हवंय, आमचं बजेट तेवढं नाही, आई-बाबांना दगदग नको. ठिकाणावरून तर ग्रुपवर रोज वाद. कसं जमवायचं?

ठिकाणांची चर्चा आजच्या आज थांबवा. ठिकाणाचं नाव आलं की खर्च आणि धावपळ त्यासोबत गुपचूप ठरून जातात. मग तुम्ही ‘परवडत नाही’ म्हणालात तरी समोरच्याला ‘यायचंच नाही’ असं ऐकू येतं. आमच्या घरात सहलींची आखणी माझ्याच गळ्यात पडते आणि मी एकच नियम धरते : सगळ्यांत कमी बजेट आणि सगळ्यांत संथ चाल, या दोन्ही मर्यादा सामायिक भागाला लागू. बाकीचं ज्याचं त्याने ठरवावं.

बजेट ग्रुपवर विचारू नका, तिथे सगळे भिडेखातर बोलतात. एकाने प्रत्येक घराला वेगळा फोन करावा. ‘किती खर्च करायचाय?’ असं न विचारता, ‘घरातून निघून परत येईपर्यंत कितीच्या वर गेलं तर नंतर टोचेल?’ असं विचारावं. समजा तुमचा आकडा १०० आला. (आई-बाबांच्या खर्चातला तुमचा वाटा आधीच वजा केलाय असं धरू.) १० अडीअडचणीसाठी बाजूला ठेवा. प्रवासाला ३५, जेवण आणि तिथल्या फिरण्याला २५. उरले ३०, म्हणजे मुक्कामासाठी रात्रीला ५. भावाचं रिसॉर्ट रात्रीला ९ असेल तर नुसत्या मुक्कामालाच ५४ जातील. हे गणित समोर आलं की ‘थोडं ताणलं तर जमेल’ हा मुद्दा आपोआप मिटतो.

मग भावाने मन मारायचं का? मुळीच नाही. त्याने त्याच हॉटेलात मोठी खोली घ्यावी, नाहीतर शेवटच्या दोन रात्री वहिनीबरोबर रिसॉर्टला जावं. ‘वरचे मी भरतो’ म्हणाला तर हो म्हणायला हरकत नाही, पण एक अख्खी बाब बुकिंगआधीच त्याच्या नावावर टाका, उदाहरणार्थ आई-बाबांची खोली. दर जेवणाच्या बिलावर होणारी ओढाताण उपकारासारखी वाटू लागते. मुक्काम खोलीप्रमाणे वाटायचा आणि गाडी माणशी, मुलांचा अर्धा वाटा धरायचा की पूर्ण, हेही निघण्याआधी बोलून घ्या.

वेगाचं म्हणाल तर मुक्काम एकाच ठिकाणी ठेवा. सहा रात्रींत तीन ठिकाणं म्हणजे मध्ये दोनदा बस्तान हलवणं. खोली साधारण सकाळी दहा-अकराला सोडावी लागते, नवी दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही. मधले तास बॅगा सांभाळण्यात जातात आणि त्यात आई-बाबा सगळ्यांत जास्त थकतात. सकाळचे दोन-तीन तास एकत्र जवळपास फिरा, दुपारनंतर सगळे मोकळे, रात्रीचं जेवण पुन्हा एकत्र.

हे वेळापत्रक हमखास कोसळतं ते एकाच गाडीमुळे. बाबा दार उघडं ठेवून पुढच्या सीटवर बसलेले असतात आणि ‘होऊ द्या तुमचं सावकाश’ म्हणतात. त्यानंतर कोणाचंच काही सावकाश होत नाही. म्हणून लवकर परतणाऱ्यांसाठी वेगळ्या टॅक्सीचे पैसे फिरण्याच्या खर्चात आधीच धरा.

आता ठिकाण. तुमच्या आकड्यात बसणारी, थेट पोचता येणारी, फार चढउतार नसलेली आणि तासाभराच्या अंतरात दोन-तीन वेगळ्या गोष्टी असलेली पाच-सहा नावं काढा. मतदान मात्र घेऊ नका. आई-बाबांना समुद्र, मग डोंगर, मग शहर. भावाला डोंगर, शहर, समुद्र. तुम्हाला शहर, समुद्र, डोंगर असा क्रम असला तर काय होईल? समुद्र डोंगराला हरवतो, डोंगर शहराला आणि शहर समुद्राला, प्रत्येक वेळी दोन विरुद्ध एक. कोंदोर्से या फ्रेंच गणितज्ञाने हा पेच १७८५ मध्येच मांडून ठेवलाय. तुमच्या ग्रुपवर बहुधा तोच चाललाय!

त्यापेक्षा प्रत्येक घराला एक नाव खोडू द्या, कारण न विचारता. यादी पाच-सहा नावांची हवी ती यासाठीच, तीनच असली तर सगळीच खोडली जातील. उरलेल्यांतून आई-बाबांना निवडू द्या. बजेटच्या बाबतीत सामायिक खर्च तुमच्या आकड्यावर बेतलाय, भावाला जास्त खर्चाची मोकळीक आहे, तेव्हा निवड त्यांची असली तर कोणी कुरकुरणार नाही.

पैसे न कापता बुकिंग रद्द करता येईल ती शेवटची तारीख ग्रुपवर टाकून ठेवा. त्या तारखेनंतर सुचलेलं ठिकाण पुढच्या वर्षीच्या यादीत.